फरक १,६८,२०० रुपयांचा, उत्तर एका पानाचे

नाशिकच्या एका खासगी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या सेहेचाळीस वर्षांच्या बाईंना ऑगस्ट २०२५ मध्ये प्राप्तिकर विभागाची ई-मेल आली. आर्थिक वर्ष २०२३-२४ चे त्यांचे विवरणपत्र आणि विभागाकडे बाहेरून आलेली माहिती यांचा मेळ बसत नव्हता. विभागाच्या नोंदींप्रमाणे वर्षाचा पगार ९,००,००० रुपये आणि बँकांचे व्याज १,८०,६०० रुपये होते. बाईंच्या विवरणपत्रात पगार ८,५०,००० आणि व्याज ६२,४०० रुपये होते. दोन्ही मिळून फरक १,६८,२०० रुपयांचा. तो का पडला, हे ठरावीक तारखेच्या आत कळवायचे होते.

बाईंनी पैसा लपवलेला नव्हता. त्यामुळे आधी त्यांना वाटले, "माझे विवरणपत्र बरोबर आहे," एवढे कळवले की झाले. घरातल्या एका नातेवाइकाचा सल्ला नेमका उलटा होता: "वाद कशाला घालतेस? म्हणतात तेवढे मान्य कर आणि भरून मोकळी हो." हे दोन्ही मार्ग चुकीचे होते. कारण हा फरक एका कारणाने पडलेला नव्हता, त्यामागे चार वेगवेगळी कारणे होती. त्यांपैकी दोन बाईंच्या चुका होत्या आणि दोन नव्हत्या.

हे उदाहरण हिशोब समजावा म्हणून रचलेले आहे. मात्र त्यातली प्रत्येक चूक कर सल्लागारांच्या टेबलावर दर हंगामात येणारी आहे.

विभागाला हे आकडे कळतात कुठून, ते आधी पाहू. मालक पगारातून कापलेल्या कराचे तिमाही पत्रक भरतो. बँक व्याजावर कापलेल्या कराचे पत्रक भरते, शिवाय खातेदारांना दिलेल्या व्याजाची वार्षिक माहितीही वेगळी कळवते. ही सगळी माहिती पॅन क्रमांकाच्या दोरीने एकत्र बांधली जाते आणि वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये दिसते. नोव्हेंबर २०२१ पासून हे विवरण प्रत्येक करदात्याला प्राप्तिकराच्या पोर्टलवर पाहता येते. त्यानंतर यंत्रणा दोन आकडे शेजारी ठेवते, एक विवरणपत्रातला आणि एक बाहेरून आलेला. त्यांत मोठे अंतर दिसले की संदेश निघतो.

आता या तुलनेची मर्यादा. यंत्रणा आकडा वाचते, पण त्यामागची गोष्ट तिला दिसत नाही. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने व्याज आणि लाभांश यांतल्या तफावतींबद्दल एक निवेदन काढले होते. २०२१-२२ आणि २०२२-२३ या वर्षांतल्या तफावतींवर करदात्यांना थेट पोर्टलवरच खुलासा देता येईल, असे त्यात सांगितले होते. त्याच निवेदनात एक महत्त्वाची ओळ होती. ज्यांनी व्याज दाखवले आहे, पण विवरणपत्रात 'व्याज' या रकान्याऐवजी 'इतर' या रकान्यात दाखवले आहे, त्यांनी व्याजाच्या तफावतीला उत्तर देण्याची गरज नाही, ती आपोआप मिटेल. म्हणजे कर पूर्ण भरलेला असूनही केवळ रकाना बदलल्यामुळे माणूस तफावतीच्या यादीत येऊ शकतो. तफावत दिसली म्हणजे चोरी सापडली असे नव्हे, आणि म्हणूनच खुलाशाला जागा ठेवलेली असते.

ई-मेल आल्यावर बाईंच्या सल्लागारांनी पहिली गोष्ट पाहिली ती म्हणजे संदेश खरा आहे का. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या प्रत्येक पत्रावर एक ओळख क्रमांक असतो, त्याला डीआयएन म्हणतात. incometax.gov.in या पोर्टलच्या पहिल्याच पानावर हा क्रमांक टाकून पत्र खरे की बनावट ते तपासता येते, त्यासाठी लॉगिनही लागत नाही. ई-मेलमधल्या दुव्यावर बोट ठेवण्याऐवजी पोर्टल स्वतः उघडून तपासणे केव्हाही सुरक्षित.

दुसरे म्हणजे पत्र कोणत्या कलमाखाली आले आहे. नुसती सूचना देणारा संदेश असेल, तर तो विवरणपत्र पुन्हा पाहा असे सुचवतो. कलम १३९(९) खालचे पत्र म्हणते की विवरणपत्रच सदोष आहे. कापलेल्या कराची वजावट मागितली, पण ज्या उत्पन्नातून तो कर कापला ते उत्पन्न दाखवलेच नाही, तर हे पत्र येते. ते दुरुस्त करायला साधारण पंधरा दिवस मिळतात. कलम १४८ए खालचे पत्र सर्वांत गंभीर, कारण जुने प्रकरण पुन्हा का उघडू नये असे ते विचारते. बाईंना आलेले पत्र या दोन टोकांच्या मधले, कलम १३३(६) चे होते. २०२१ च्या ई-पडताळणी योजनेखाली विभाग अशा पत्राने माहिती मागवतो. कर आकारणी तेव्हा झालेली नसते आणि उत्तर पोर्टलवरूनच द्यायचे असते.

मग सल्लागारांनी बाईंना कागद आणायला सांगितले. दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६, वर्षभराच्या पगाराच्या पावत्या, प्रत्येक बँकेचा व्याजाचा दाखला, पासबुके आणि एआयएसची प्रत. घरी आठवून सांगितलेला एकही आकडा त्यांनी घेतला नाही.

पगारातला फरक आधी सुटला. बाईंनी सप्टेंबर २०२३ अखेर जुनी नोकरी सोडली होती आणि ऑक्टोबरपासून नवी धरली होती. जुन्या ठिकाणी सहा महिने ७०,००० रुपयांप्रमाणे ४,२०,००० रुपये आणि नव्या ठिकाणी सहा महिने ८०,००० रुपयांप्रमाणे ४,८०,००० रुपये. बेरीज ९,००,०००. विभागाचा आकडा अचूक होता.

चूक झाली ती फॉर्म १६ मधून आकडा उतरवताना. या फॉर्मच्या दुसऱ्या भागात वर एकूण पगार असतो आणि खाली प्रमाणित वजावट वजा करून उरलेली रक्कम असते. त्या वर्षी ही वजावट ५०,००० रुपये होती. बाईंनी जुन्या कंपनीचा वरचा आकडा घेतला, नव्या कंपनीचा मात्र खालचा, म्हणजे ४,३०,०००. बेरीज ८,५०,००० झाली. त्यातून विवरणपत्राने आपल्या नियमाप्रमाणे पुन्हा ५०,००० वजा केले. वजावट दोनदा मिळाली. खरे तर नोकऱ्या कितीही असोत, वर्षाला ती एकदाच मिळते.

वर्षाच्या मधे नोकरी बदलणाऱ्यांत हा घोळ फार होतो. नव्या मालकाला जुन्या पगाराची माहिती फॉर्म १२बी भरून दिली, तर तो पूर्ण वर्षाचा हिशोब करून कर कापतो. दिली नाही, तर दोन्ही मालक आपापल्या सहा महिन्यांपुरते स्वतंत्र गणित मांडतात आणि दोघेही वजावट देतात. ही चूक पकडायला सोपी आहे. दोन्ही फॉर्म १६ शेजारी ठेवावेत आणि कलम १६(आयए) ची ओळ दोन्हीकडे आहे का ते पाहावे. पगाराच्या आकड्याची खात्री बँकेत जमा झालेल्या रकमांवरून मात्र करू नये. भविष्य निर्वाह निधी आणि कर कापून उरलेली रक्कम तिथे दिसते, आणि मार्चचा पगार एप्रिलमध्ये जमा झाला तरी तो मार्चच्याच वर्षाचा धरला जातो.

व्याजाचे कोडे जास्त गुंतागुंतीचे होते. एआयएसमधले १,८०,६०० रुपये चार ओळींत विभागलेले होते. पहिल्या बँकेच्या मुदत ठेवीवर ६२,४००. त्याच बँकेच्या आणखी एका ठेव क्रमांकावर पुन्हा ६२,४००. दुसऱ्या बँकेतल्या ठेवीवर ४८,६००. आणि बचत खात्यावर ७,२००.

पहिल्या बँकेचा व्याजाचा दाखला आल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली. बाईंची तिथे ठेव एकच होती आणि तिचे व्याज दर तिमाहीला १५,६०० रुपयांप्रमाणे वर्षाला ६२,४०० होते. बँकेची संगणक प्रणाली बदलली तेव्हा ठेवीचा क्रमांक बदलला होता आणि वार्षिक माहिती देताना तेच व्याज जुन्या आणि नव्या अशा दोन्ही क्रमांकांवर कळवले गेले होते. पासबुकात तिमाही व्याजाच्या चारच नोंदी होत्या. आठ नव्हत्या. दुहेरी नोंद ओळखण्याची खूण हीच. दोन ओळींतली रक्कम रुपयारुपयाने जुळते, पण पैसे मात्र एकदाच जमा झालेले असतात.

दुसऱ्या बँकेतले ४८,६०० रुपये बाईंच्या आईच्या पैशांवरचे होते. आईचे वय बहात्तर. बँकेत जाणे-येणे सोपे जावे म्हणून ठेव दोघींच्या नावावर केली आणि अर्ज भरताना मुलीचे नाव पहिले लिहिले गेले. बँक व्याज पहिल्या नावाच्या पॅनवर कळवते, पैसा कोणाचा हे ती पाहत नाही. आईने हे व्याज आपल्या विवरणपत्रात दाखवून त्यावरचा हिशोब पूर्ण केलेला होता. म्हणून ते मुलीचे उत्पन्न नव्हते.

इथे सल्लागारांनी एक गोष्ट मुद्दाम तपासली. त्या व्याजावर बँकेने दहा टक्क्यांनी ४,८६० रुपये कर कापला होता आणि तो मुलीच्या पॅनवर जमा होता. त्याची वजावट बाईंनी मागितली होती का? मागितली असती, तर "व्याज माझे नाही" हा खुलासा जागीच कोसळला असता. उत्पन्न आईचे आणि त्यावर कापलेला कर माझा, असे दोन्ही एकाच तोंडाने म्हणता येत नाही. सुदैवाने वजावट मागितलेली नव्हती. आईला तो कर मिळवून देण्यासाठी नियम ३७बीए(२) प्रमाणे मुलीने बँकेकडे घोषणापत्र द्यायचे असते, मग बँक कराची नोंद आईच्या पॅनवर कळवू शकते. पुढच्या वर्षांसाठी साधा उपाय म्हणजे ठेवीवर आईचे नाव पहिले करणे.

उरले बचत खात्याचे ७,२०० रुपये. ते बाई सरळ विसरल्या होत्या. जुन्या करपद्धतीत बचत खात्याच्या व्याजावर दहा हजारांपर्यंत सूट असते, त्यामुळे अनेक जण ते दाखवतच नाहीत. पण बाईंनी नवी करपद्धत घेतली होती आणि तीत ही सूट नाही. शिवाय जुन्या पद्धतीतही आधी व्याज दाखवायचे आणि मग सूट मागायची, हाच क्रम आहे.

या कुटुंबात नसलेली, पण व्याजाच्या तफावतींत वारंवार दिसणारी आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पाच वर्षांनी एकदम रक्कम देणाऱ्या ठेवीवर बँक दर वर्षी साचलेले व्याज कळवते आणि त्यावर कर कापते. ठेवीदाराच्या हाती मात्र काहीच येत नाही, म्हणून तो मुदत संपल्यावर एकदम व्याज दाखवतो. मग चार वर्षे तफावत दिसते आणि पाचव्या वर्षी उलटी तफावत. दर वर्षी दाखवणे किंवा हाती आल्यावर दाखवणे, यांपैकी एक पद्धत धरून ती पाळावी लागते. पगारदार माणसाला बँकेच्या दाखल्याप्रमाणे दर वर्षी दाखवणे सोयीचे पडते, कारण मग कापलेला कर आणि उत्पन्न एकाच वर्षात येतात.

आता फरकाची फोड पूर्ण झाली. १,६८,२०० पैकी ६२,४०० दुहेरी नोंद आणि ४८,६०० आईचे व्याज, म्हणजे १,११,००० रुपये बाईंचे वाढीव उत्पन्न नव्हते. ५०,००० पगारातले आणि ७,२०० बचत खात्याचे, असे ५७,२०० रुपये खरोखर दाखवायचे राहिले होते.

या फोडीने पैशांत काय फरक पडला? दाखवलेल्या ८,६२,४०० रुपये उत्पन्नावर उपकरासह कर ४२,८९० रुपये होत होता. सगळा फरक मान्य केला असता, तर आणखी २४,२८४ रुपये द्यावे लागले असते. फक्त खरी चूक मान्य केल्यावर उत्पन्न ९,१९,६०० झाले आणि वाढीव कर ६,९६८ रुपये आला. नातेवाइकाचा सल्ला ऐकला असता, तर १७,३१६ रुपये आणि त्यावरचे व्याज विनाकारण गेले असते.

चूक मान्य करायची तर ती कागदावर दुरुस्त करावी लागते, नुसते पत्रात लिहून भागत नाही. त्या वर्षाचे सुधारित विवरणपत्र भरण्याची मुदत १५ जानेवारी २०२५ लाच संपली होती. उरला मार्ग कलम १३९(८ए) च्या अद्ययावत विवरणपत्राचा. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत ते भरले, तर कर आणि व्याज यांच्या बेरजेवर २५ टक्के जादा कर लागतो. बारा महिन्यांनंतर हा दर ५० टक्के होतो आणि पुढे आणखी वाढतो. बाईंचे बारा महिने ३१ मार्च २०२६ पर्यंत होते. कर, उशिराचे व्याज आणि जादा कर धरून त्यांना दहा-अकरा हजार रुपये भरावे लागले. अद्ययावत विवरणपत्र एका वर्षासाठी एकदाच भरता येते आणि त्याने कर कमी करता किंवा परतावा वाढवता येत नाही. म्हणून फोड पूर्ण होईपर्यंत ते भरण्याची घाई करू नये.

पत्र लिहिण्याआधी आणखी एक काम होते. एआयएसमध्ये प्रत्येक ओळीसमोर अभिप्राय देता येतो. दुहेरी ओळीसमोर बाईंनी Information is duplicate / included in other information हा पर्याय निवडला, आईच्या व्याजासमोर Information relates to other PAN/Year हा. Information is denied हा पर्याय त्यांनी टाळला, कारण ठेव अस्तित्वात होती, फक्त उत्पन्न दुसऱ्याचे होते. असा अभिप्राय माहिती देणाऱ्या बँकेकडे पडताळणीला जातो. बँकेने तो स्वीकारला की नाकारला, हे मे २०२४ पासून एआयएसमध्येच दिसते. बँकेने नाकारला, तर शाखेत लेखी अर्ज देऊन दुरुस्तीचे पत्रक भरायला सांगावे लागते.

मग उत्तर लिहिले गेले. प्रत्यक्षात ते इंग्रजीत गेले, त्याचा मराठीतला मजकूर असा:

"विषय: आर्थिक वर्ष २०२३-२४, करनिर्धारण वर्ष २०२४-२५, आपल्या दस्त ओळख क्रमांकाच्या पत्रास उत्तर.

महोदय, आपल्या पत्रात दर्शवलेल्या १,६८,२०० रुपयांच्या फरकाचा खुलासा पुढीलप्रमाणे आहे.

१. पगार, ५०,००० रुपये: मान्य. एका मालकाचा पगार प्रमाणित वजावट वजा केल्यानंतरचा घेतला गेला, त्यामुळे वजावट दोनदा झाली. दोन्ही फॉर्म १६ जोडपत्र अ मध्ये.

२. बचत खात्याचे व्याज, ७,२०० रुपये: मान्य. दाखवायचे राहिले. बँकेचा दाखला जोडपत्र आ मध्ये.

३. मुदत ठेवीचे व्याज, ६२,४०० रुपये: अमान्य. हेच व्याज जुन्या आणि नव्या ठेव क्रमांकावर दोनदा कळवले गेले आहे. मूळ विवरणपत्रात ते एकदा दाखवले आहे. बँकेचा दाखला आणि पासबुकाचा उतारा जोडपत्र इ मध्ये.

४. संयुक्त ठेवीचे व्याज, ४८,६०० रुपये: अमान्य. ठेवीची रक्कम माझ्या आईच्या खात्यातून गेली आहे आणि व्याज तिच्या विवरणपत्रात दाखवले आहे. त्यावर कापलेल्या कराची वजावट मी मागितलेली नाही. आईच्या पासबुकाचा उतारा आणि विवरणपत्राची पोच जोडपत्र ई मध्ये.

मुद्दा १ आणि २ मधील ५७,२०० रुपयांसाठी कर, व्याज आणि जादा कर भरून अद्ययावत विवरणपत्र दाखल केले आहे. चलन आणि पोच जोडपत्र उ मध्ये."

या पत्रात विशेषण नाही, विनवणी नाही. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला चार मुद्द्यांची बेरीज केली की आपल्या पत्रातला आकडा तंतोतंत मिळतो, हीच त्याची ताकद आहे. फरकातले पाचशे रुपये जरी खुलाशाबाहेर राहिले, तरी प्रश्न पुन्हा येऊ शकतो. प्रत्येक मुद्द्याला स्वतःचा कागद आहे आणि तो कागद करदात्याने स्वतः तयार केलेला नाही. तो बँकेचा किंवा मालकाचा आहे. आईच्या मुद्द्यावर नुसते तिचे संमतीपत्र जोडले असते, तर ते कमकुवत ठरले असते. ठेवीचा पैसा तिच्या खात्यातून निघाल्याची नोंद आणि तिने व्याज दाखवल्याची पोच, हे दोन दुवे जोडल्यावर साखळी पूर्ण झाली.

चूक कबूल करण्यालाही कायद्यात किंमत आहे. उत्पन्न कमी दाखवले तर कलम २७०ए खाली त्यावरच्या कराच्या ५० टक्के दंड होऊ शकतो, खोटे दाखवले तर २०० टक्के. पण करदात्याने दिलेले स्पष्टीकरण प्रामाणिक आहे आणि सर्व तथ्ये त्याने समोर ठेवली आहेत अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर ती रक्कम या दंडातून वगळली जाते. उत्तरच दिले नाही, तर मात्र विभागाकडे एकच आकडा उरतो, बाहेरून आलेला. प्रकरण कलम १४८ए कडे गेले, तर हीच फोड आणि हेच कागद पुन्हा मांडावे लागतात, तेही पूर्ण आकारणीच्या दडपणाखाली.

१ एप्रिल २०२६ पासून देशात २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. आधीच्या वर्षांची प्रकरणे मात्र १९६१ च्या कायद्याप्रमाणेच चालतात, त्यामुळे जुन्या वर्षाच्या पत्राला उत्तर देताना पत्रातलेच कलम उद्धृत करायचे.

उत्तर पोर्टलवर चढवल्यावर बाईंनी त्याची पोच उतरवून घेतली आणि पाचही जोडपत्रांसह एका फाइलमध्ये लावली. त्यानंतर आईला घेऊन त्या दुसऱ्या बँकेत गेल्या. ठेवीची मुदत संपायला दोन महिने होते. नूतनीकरणाच्या अर्जावर पहिल्या ओळीत या वेळी आईचे नाव लिहिले गेले.